घरपोच पिशवीचा हिशोब

पुण्याहून निघालेला धान्याचा ट्रक शिरोलीच्या अलीकडे महामार्गावर उभा राहिला आणि पुढे पाणीच पाणी असलं, तर त्या ट्रकचं रोजचं भाडं कोण देणार? ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ जवळपास आठवडाभर बंद होता. दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. त्यांत मदत घेऊन निघालेल्या गाड्याही होत्या. मदतीचं अंदाजपत्रक घाईत करणाऱ्या मंडळींच्या कागदावर तांदूळ असतो, डाळ असते, तेल असतं. उभ्या ट्रकचं भाडं मात्र सहसा नसतं. हा लेख त्या न लिहिलेल्या ओळींबद्दल आहे.

आपत्तीनंतरचं पहिलं अंदाजपत्रक सहसा एका रात्रीत होतं. संध्याकाळी फोन येतो, सकाळी देणगीदारांना आकडा सांगायचा असतो. गावात किती घरं बुडाली याची पक्की यादी कुणाकडे नसते, कारण ती करणारे तलाठी आणि ग्रामसेवक स्वतःच छातीभर पाण्यातून माणसं हलवत असतात. अशा वेळी बरेच जण उलट्या दिशेने जातात. किती पैसे जमतील याचा अंदाज बांधतात आणि त्याला शोभेल असा खर्च मांडतात. हा कागद पहिल्या धक्क्याला मोडतो, कारण एखादी गोष्ट बदलली की बाकीचं काय बदलायचं हे त्यावरून कळत नाही.

दुसरी रीत जास्त टिकते. एका कुटुंबाला एक पिशवी घरपोच द्यायला किती रुपये लागतात, एवढाच एक आकडा आधी काढायचा आणि मग कुटुंबांच्या संख्येने गुणायचं. संख्या चुकली तर गुणाकार बदलतो, भाव चुकला तर पिशवीतली एक ओळ बदलते. सगळा कागद फाडावा लागत नाही.

उदाहरण म्हणून शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव धरू. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला एकत्र येतात आणि त्या परिसरातली गावं दोन्ही नद्यांच्या फुगवट्यात सापडतात. (परगावच्या ड्रायव्हरला हे आधीच सांगून ठेवावं लागतं की महामार्गावरची शिरोली वेगळी आणि तालुक्याचं शिरोळ वेगळं.) गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आकडे नमुन्याचे आहेत. जनगणनेवरून आणि सरपंचांशी फोनवर बोलून आपण ४०० कुटुंबं धरली. कुटुंबात पाच माणसं आणि मदत दहा दिवसांची. भाव त्या काळच्या घाऊक बाजाराच्या आसपासचे, पण ठोकळ धरले आहेत.

आता पिशवीत काय घालायचं? मदतकार्यात जगभर वापरली जाणारी ढोबळ शिधामापं आहेत: माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, १५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ. यातून माणसाला दिवसाला लागणाऱ्या सुमारे २,१०० उष्मांकांचा बहुतेक वाटा भागतो. पाच माणसं आणि दहा दिवस म्हटलं की धान्य होतं २० किलो. २०१९ मध्ये राज्य शासनाने बाधित कुटुंबांना १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत जाहीर केले, ते वजनही नेमकं एवढंच भरतं. आपल्या पिशवीत मात्र गव्हाच्या जागी पीठ घालायचं. ज्या गावात पाणी शिरलं त्या गावची गिरणीही भिजलेली असते. मोटर वाळवून, तार बदलून, वीज येऊन गिरणी सुरू व्हायला दिवस लागतात. तोवर गव्हाचं पोतं घरात नुसतं उभं राहतं.

म्हणून तांदूळ १० किलो ४०० रुपये, पीठ १० किलो ३५० रुपये, तूरडाळ ३ किलो २७० रुपये, तेल दीड लिटर १५० रुपये. साखर, चहापूड, मीठ, तिखट मिळून २०० रुपये. शिध्याचे झाले १,३७० रुपये. त्यासोबत आंघोळीचा आणि कपड्यांचा साबण, फिनेल, पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, सॅनिटरी पॅड, मेणबत्त्या आणि काडेपेट्या: ३८० रुपये. एकूण १,७५०.

हे भाव दुकानात जाऊन विचारायला वेळ नसतो. तीन घाऊक व्यापाऱ्यांना फोन करायचा आणि तिघांनाही तेच तीन प्रश्न विचारायचे: हा भाव किती दिवस धरून ठेवाल, ४०० नगांचा माल आत्ता गोदामात आहे का, आणि साबण-फिनेलच्या भावात जीएसटी धरला आहे का? उत्तर बहुधा असं येतं: “दादा, उद्या दुपारपर्यंत हाच भाव. तेलाचं मात्र सांगता येत नाही.” हे वाक्य जसंच्या तसं तक्त्यात, भावाच्या शेजारच्या रकान्यात लिहून ठेवावं. पाच दिवसांनी तेलाचा खर्च का वाढला असं कुणी विचारलं तर उत्तर तिथेच सापडतं. आणि तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झालं तर साबणाचं बिल जीएसटीने फुगून येतं.

आता बहुतेक जण १,७५० ला ४०० ने गुणतात आणि सात लाख रुपयांचं आवाहन करतात. चूक इथेच होते.

शिध्याच्या शेजारी वजनाचा रकाना घाला. शिधा सुमारे २७ किलो भरतो, स्वच्छतेचं सामान ४ किलो. पिशवी ३१ किलोची झाली. ४०० पिशव्या म्हणजे १२.४ टन. हा एक आकडा कागदावर आला की पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात. सहा चाकी ट्रक सुमारे नऊ टन नेतो, म्हणजे दोन ट्रक लागतील. महामार्ग बंद असेल तर पुण्याहून टेंभुर्णी, पंढरपूर, सांगोला, कवठे महांकाळ अशी वाट वाकडी करून मिरजेला यावं लागेल. नेहमीच्या अडीचशेच्या आतल्या अंतराचे साडेतीनशे किलोमीटर होतील. जाऊन-येऊन सातशे, किलोमीटरला ३० रुपये धरले तर एका ट्रकचे २१,०००. त्यावर दोन दिवसांचं हॉल्टिंग, रोजचे दोन हजार. दोन ट्रकांचे मिळून ५०,००० रुपये. सुरुवातीला विचारलेल्या उभ्या ट्रकचं भाडं ते हेच, हॉल्टिंगच्या ओळीतलं.

त्यापुढे हमाली. इथे एकच विचारायचं: पिशवीला किती वेळा हात लागणार? बाजारात भरताना एकदा, जयसिंगपूरच्या गोदामात उतरवताना दुसऱ्यांदा, तिथून छोट्या गाडीत चढवताना तिसऱ्यांदा, गावात उतरवताना चौथ्यांदा. दर वेळी पिशवीमागे दहा रुपये धरले तर १६,००० रुपये. स्वयंसेवक फुकट उचलतील असं म्हणून ही ओळ पुसणारे मी पाहिले आहेत. तीस किलोच्या शंभर पिशव्या उचलल्यावर कॉलेजातल्या पोरांची कंबर धरते आणि दुसऱ्या दिवशी वाटपाच्या टेबलावर बसायला माणूस उरत नाही.

मोठा ट्रक गावात जातोच असं नाही. पूर ओसरला तरी साकवावरून, खचलेल्या रस्त्यावरून दहा टन नेता येत नाहीत. म्हणून गोदामातून पुढे पिकअप. दीड टन, म्हणजे ४८ पिशव्यांची एक खेप. नऊ खेपा, २,५०० रुपयांप्रमाणे २२,५००. रस्त्यावर अजून गुडघाभर पाणी असलेल्या वस्त्यांसाठी ट्रॅक्टर-ट्रॉली. हा उसाचा पट्टा, ट्रॅक्टर दारोदार असतात. पण डिझेल आपलंच. तीन खेपांचे ६,०००. गोदामात माल जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवायचा आणि वर ताडपत्री, त्याचे ८,०००. दहा स्वयंसेवकांचं चार दिवसांचं जेवण आणि राहणं १२,०००. पाहणी, कुपनं, नोंदवही ४,०००. गोणी, आतली प्लॅस्टिकची पिशवी आणि भरण्याची मजुरी नगामागे ५० रुपये, म्हणजे २०,०००.

आता बेरीज करा. सामानाचे १,७५०, भरणीचे ५०, आणि पोचवण्याचे एकूण १,१८,५०० भागिले ४००, म्हणजे २९६ रुपये. त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्चासाठी. घरपोच पिशवी २,३०६ रुपयांना पडली. ४०० घरांचे ९,२२,३५० रुपये. सात लाखांचं आवाहन करणाऱ्याने ४०० घरांना शब्द दिला होता. त्याच्या पैशांत ३०३ घरं होतात. उरलेली ९७ घरं बहुतेक वेळा गावाच्या टोकाची असतात, कारण गाडी टोकाला शेवटी पोचते.

वाहतुकीसाठी सरसकट दहा टक्के धरले आहेत असं एखाद्या अंदाजपत्रकात दिसलं, तर वजन केलेलं नाही असं खुशाल समजावं. वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीवर ठरत नाही, वजनावर आणि वाटेवर ठरतो. याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पाण्याच्या बाटल्या. चित्रात त्या छान दिसतात आणि शहरातून सगळ्यात आधी त्याच निघतात. आपल्या गावात दोन हजार माणसं आहेत. पिण्यापुरतं माणशी तीन लिटर म्हटलं तरी रोजचे सहा टन झाले. दोन दिवसांचं पाणी सगळ्या गावाच्या दहा दिवसांच्या शिध्याएवढं वजन भरतं. आणि तीन लिटरने भागत नाही. मदतकार्यात ‘स्फिअर’ नावाची जी किमान मापं मानली जातात त्यांत पिणं, स्वयंपाक आणि अंगधुणं धरून माणशी रोज १५ लिटर पाणी सांगितलं आहे. त्याचे होतात ३०,००० लिटर. हे काम बाटल्यांचं नाही. जवळच्या न बुडालेल्या विहिरीवरून किंवा जलशुद्धीकरण केंद्रातून दहा हजार लिटरचे तीन टँकर, गावात झाकणाच्या टाक्या आणि घरोघरी क्लोरीन, असं ते करावं लागतं. त्याचा तक्ता वेगळा करावा, पिशवीत मिसळू नये.

वाटपाचा वेळही खर्चात येतो. यादीत नाव शोधणं, कुपन घेणं, सही किंवा अंगठा, पिशवी हातात देणं या सगळ्याला एका टेबलावर तासाला चाळीस-पन्नास कुटुंबं होतात, त्याहून जास्त नाही. ४०० कुटुंबांना एका टेबलावर नऊ तास लागतील. त्यात म्हाताऱ्या बायका उन्हात उभ्या राहतात आणि चारच्या पुढे रांगेत भांडणं सुरू होतात. म्हणून दोन टेबलं आणि दोन याद्या, शक्यतो गल्लीवार. कुपनं आदल्या दिवशी घरी जाऊन द्यायची. तसं केलं की रांगेत फक्त कुपनवाले येतात. घराला कुलूप असेल तर तेही तेव्हाच कळतं.

इथे सगळ्यात मोठा गोंधळ ‘कुटुंब’ या शब्दाचा. रेशन कार्ड एक, घर एक, पण चुली तीन, असं आपल्या गावांत सर्रास असतं. भाऊ वेगळे राहतात, कागद वेगळे झालेले नसतात. कार्डावर पिशवी दिली तर बारा माणसांना पाच जणांचा शिधा मिळतो. घरावर दिली तर वाड्यात भाड्याने राहणारा ऊसतोड मजूर किंवा वीटभट्टीवाला सुटतो, कारण घर त्याचं नसतं. मी तरी नेहमी चूल धरतो. वेगळा स्वयंपाक तो वेगळा नग. शेजारणीला विचारलं की चुलींची संख्या पाच मिनिटांत कळते. तिला ती पाठ असते.

आणि म्हणूनच पहिल्या तक्त्यावरच दुसऱ्या तक्त्याची तारीख घालायची असते. पहिला कागद अंदाजावर उभा आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण तो कधी बदलणार हे लिहिलेलं नसेल तर कुणी बदलत नाही. मोठ्या संस्थाही असंच करतात. हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला आणि तीन दिवसांत संयुक्त राष्ट्रांनी सुमारे साडेसत्तावन्न कोटी डॉलरचं तातडीचं आवाहन केलं. महिनाभरात, पाहण्या झाल्यावर, ते सुधारून सुमारे १४४ कोटी डॉलरवर नेलं. नेपाळच्या एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतरचं आवाहन साडेएकेचाळीस कोटींचं होतं, आणि सुधारल्यावर ते फारसं हललं नाही. म्हणजे सुधारणा ही चूक कबूल करण्याची जागा नाही. कधी आकडा अडीचपट होतो, कधी जवळपास तोच राहतो आणि आतला मजकूर बदलतो.

आपल्या गावाचंही दुसऱ्या तऱ्हेचं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि गल्लीवार चुली मोजल्या. ४०० नाही, ४३७ निघाल्या. त्यातल्या ६२ अजून जयसिंगपूरच्या निवारा केंद्रात आहेत, तिथे शिजवलेलं जेवण मिळतं. त्यांना आज पीठ-तांदूळ देऊन उपयोग नाही, भांडी गाळात आहेत. पक्क्या रस्त्याकडेच्या वस्तीत दुसऱ्या एका मंडळाची गाडी आधीच येऊन गेली. तिथल्या १५० चुलींना तांदूळ आणि पीठ मिळालं आहे. (रस्त्याकडेच्या वस्तीला तीनदा आणि आतल्या वस्तीला एकदाही नाही, हे जवळजवळ प्रत्येक पुरात होतं. गाडीला वळायला जिथे जागा असते तिथे मदत थांबते.) आणि गावातल्या बायकांनी जे मागितलं ते आपल्या पिशवीत नव्हतंच. खराटा, फावडं, ब्लीचिंग पावडर आणि हातमोजे. घरात घोटाभर गाळ आहे, त्याला वास सुटला आहे, आणि तो काढल्याशिवाय चूल मांडायची कुठे?

आता तक्ता उघडायचा. १५० चुलींचा तांदूळ आणि पीठ काढलं. ७५० रुपयांप्रमाणे १,१२,५०० वाचले आणि तीन टन वजन कमी झालं. सगळ्या ४३७ चुलींना सफाईचं सामान वाढवलं, दर चुलीमागे २५० रुपये आणि दोन किलो. त्याचे १,०९,२५० लागले. जास्तीच्या ३७ चुलींच्या पिशव्या आणि भरणी ६६,६०० रुपये, त्यांची हमाली १,४८०. हे अनपेक्षित खर्चाच्या ८३,८५० मधून गेले. वजन सगळं धरून साडेअकरा टनांच्या आत आलं, म्हणजे दोनच ट्रक. पिकअपच्या खेपा आठ, आणि नववी खेप ६२ चुलींसाठी राखून ठेवली. एकूण आकडा ९,२२,३५० होता तेवढाच राहिला, हाताशी साधारण १९ हजार उरले.

हे जमलं ते दोन अटींमुळे, आणि त्या पहिल्या दिवशीच घालाव्या लागतात. एक अट व्यापाऱ्याशी: न फोडलेली पोती आठवड्याच्या आत परत घ्यायची. म्हणून तांदूळ मोजणी होईपर्यंत पन्नास किलोच्या पोत्यातच ठेवायचा. पुण्यातच सगळा माल पिशव्यांत भरून पाठवला असता तर १५० पिशव्या फोडून तांदूळ काढावा लागला असता, आणि फुटक्या पिशवीतला तांदूळ कुठलाही व्यापारी परत घेत नाही. हमालीही वाया गेली असती. भरणी गावाच्या जितकी जवळ आणि जितकी उशिरा, तितकं बरं. दुसरी अट देणगीदारांशी: एका बाबीतले पैसे दुसरीकडे वळवायची मुभा आधीच लेखी घ्यायची. वीस टक्क्यांपर्यंत न विचारता, त्यापुढे एका फोनवर. ‘माझे पैसे तांदळाला दिले होते, खराट्याला नाही’ असं नंतर ऐकावं लागू नये म्हणून. बहुतेक देणगीदार समजूतदार असतात, फक्त त्यांना आधी विचारलेलं आवडतं.

पहिल्या दिवसापासून ठेवायची आणखी एक वस्तू म्हणजे आवक-जावकीची वही. गोदामातून किती पिशव्या गेल्या, गावात किती उतरल्या, किती कुपनं परत आली, किती सह्या झाल्या, असे चार आकडे रोज संध्याकाळी शेजारी शेजारी लिहायचे. गोदाम आणि गाव यांत फरक असेल तर वाटेत कुठे तरी माल उतरला. गाव आणि कुपनांत फरक असेल तर कुणाला तरी कुपनाशिवाय दिलं. कुपन आणि सही यांत फरक असेल तर घाई झाली. फरक कुठल्या दोन रकान्यांत आहे त्यावरून दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलायचं ते ठरतं. फळ्या कमी पडल्या तर खालच्या ओळीच्या गोण्या ओलावतात. त्या मोजून वेगळ्या काढायच्या आणि ‘भिजल्या’ अशी नोंद करायची, नाहीतर हिशोब कधीच जुळत नाही.

दहाव्या दिवसाची तारीख तिसऱ्या तक्त्याची. तोवर निवारा केंद्रं बंद व्हायला लागलेली असतात आणि ६२ चुली घरी परततात. त्यांच्या पिशव्या गोदामात एका बाजूला, फळ्यांवर, गल्लीचं नाव लिहून ठेवलेल्या. पीठ मात्र त्यांत अजून भरलेलं नाही. पावसाळी हवेत दहा दिवसांत पिठाला गाठी धरतात. ते नवव्या दिवशी जयसिंगपुरातूनच ताजं घ्यायचं, तिथल्या भावाने, आणि तो भाव तक्त्यात जुन्या भावाच्या खाली, जुना न खोडता, तारीख घालून लिहायचा.